एका खरेदीचे दोन मेसेज: रक्कम अडकली आहे की खरंच दोनदा लागली आहे?

दुकानात कार्ड टॅप केलं, मशीन बराच वेळ फिरत राहिलं, काउंटरवरचे काका म्हणाले "गेलं नाही, परत एकदा करा", आणि पायऱ्या उतरेपर्यंत मोबाइलवर तेवढ्याच रकमेचे दोन मेसेज. हिंजवडी-खराडीत नोकरीला लागून पहिलंच क्रेडिट कार्ड घेतलेल्यांना हा धक्का कधी ना कधी बसतोच. बहुतेक जण लगेच बँकेला फोन लावून "माझे पैसे दोनदा कापले" म्हणून तक्रार करतात. पलीकडून "पाच-सात दिवस थांबा" असं उत्तर आलं की बँक टोलवतेय असं वाटतं. निम्म्याहून जास्त वेळा ते उत्तर बरोबर असतं. उरलेल्या वेळा मात्र थांबून राहणं म्हणजे आपलंच नुकसान. आपण कोणत्या बाजूला आहोत हे घरबसल्या ओळखता येतं, आणि त्यासाठी बँकेच्या ॲपमधले तीन आकडे आणि दुकानातली स्लिप एवढं पुरतं.

आधी क्रेडिट कार्डाचं सांगतो. डेबिट कार्डाची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती शेवटी.

मेसेज येतो तेव्हा नेमकं काय झालेलं असतं

कार्डाचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात मशीन तुमच्या बँकेला विचारतं, "इतकी रक्कम देता येईल का?" बँक हो म्हणते, एक मंजुरी क्रमांक देते आणि तुमच्या लिमिटमधून तेवढी रक्कम बाजूला राखून ठेवते. हा झाला होल्ड. मोबाइलवरचा मेसेज येतो तो याच क्षणी. मेसेजमध्ये 'खर्च झाले' असं लिहिलेलं असलं तरी दुकानदाराला अजून एक पैसा मिळालेला नसतो. कार्यालयाच्या डायरीत लग्नाची तारीख पेन्सिलीनं लिहून ठेवावी, तशी ती नोंद असते.

दुसरा टप्पा दुकान बंद करताना येतो. दिवसभरात मशीनमध्ये साठलेले व्यवहार एकगठ्ठा दुकानदाराच्या बँकेकडे जातात. याला दुकानात 'बॅच सेटल करणं' म्हणतात. काही मशीन रात्री आपोआप करतात, काही ठिकाणी मालक बटण दाबतो. दुकानदाराची बँक तो व्यवहार कार्ड-नेटवर्कमार्फत तुमच्या बँकेकडे मागणी म्हणून पाठवते, आणि तेव्हा कुठे तो तुमच्या खात्यावर पक्का चढतो, म्हणजे पोस्ट होतो. याला एक ते तीन दिवस लागतात, मध्ये सुट्टी आली तर थोडे जास्त.

आता "गेलं नाही" म्हणून दुसऱ्यांदा कार्ड लावलं तेव्हा काय होतं ते बघा. मशीनचा प्रश्न बँकेपर्यंत पोचला, बँकेनं हो म्हटलं, रक्कम राखली, तुम्हाला मेसेज पाठवला. पण ते 'हो' परत येताना वाटेत नेटवर्क तुटलं. मशीनला उत्तरच मिळालं नाही, त्यामुळे त्याच्या बॅचमध्ये तो व्यवहार लिहिलाच गेला नाही. बॅचमध्ये नाही म्हणजे मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणजे पोस्टही नाही. अशा वेळी मशीननं 'रिव्हर्सल' नावाचा संदेश पाठवून ती मंजुरी रद्द करायची असते. तो पोचला तर होल्ड काही मिनिटांत सुटतो. नाही पोचला तर होल्ड आपली मुदत संपेपर्यंत लटकत राहतो. साध्या दुकानातल्या खरेदीला ही मुदत साधारण आठवडाभराची असते.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. महिन्याच्या बिलात, म्हणजे पीडीएफमध्ये येणाऱ्या स्टेटमेंटमध्ये, फक्त पोस्ट झालेले व्यवहार येतात. त्यामुळे तुमच्या मासिक स्टेटमेंटमध्ये एकच रक्कम दोनदा छापून आली असेल तर तो होल्ड नाही. तिथे "थांबा, आपोआप जाईल" हे उत्तर लागू होत नाही.

ॲपमध्ये काय बघायचं

स्टेटमेंट यायला अजून पंधरा दिवस असतील तर ॲप उघडा. काही बँका राखलेली रक्कम 'Pending' किंवा 'Unsettled' अशा नावाखाली वेगळी दाखवतात. मग प्रश्नच मिटला. पण 'Unbilled' या शब्दाला फसू नका. त्यात पोस्ट झालेले पण अजून बिलात न आलेले व्यवहार असतात, आणि काही ॲप त्याच यादीत होल्डही घुसडतात. यादी बघून कळत नसेल तर सरळ बेरीज-वजाबाकी करा.

तीन आकडे लागतात: एकूण लिमिट, आजची थकबाकी (ॲपमध्ये 'Total Outstanding' किंवा 'Current Outstanding') आणि शिल्लक लिमिट ('Available Limit'). एकूण लिमिटमधून थकबाकी वजा करा. जे उरेल तेवढंच शिल्लक लिमिट दिसायला हवं. त्यापेक्षा कमी दिसत असेल तर जितकी तफावत, तितकी रक्कम सध्या होल्डमध्ये आहे. होल्डमुळे शिल्लक लिमिट कमी होतं, थकबाकी मात्र वाढत नाही. सगळी परीक्षा या एका फरकावर उभी आहे.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण घेतो. दिवाळीआधीचा शनिवार, लक्ष्मी रोडवर पाय ठेवायला जागा नाही, आणि तिनं आईसाठी ₹8,460 ची साडी घेतली. पहिल्या टॅपला मशीनवर काहीच उमटलं नाही, दुसऱ्या टॅपला स्लिप निघाली. मेसेज दोन. तिचं लिमिट ₹1,50,000, आणि खरेदीआधीची थकबाकी ₹22,300.

शनिवारी रात्री ॲपमध्ये थकबाकी ₹22,300 च होती आणि शिल्लक लिमिट ₹1,10,780. दीड लाखातून 22,300 गेले की ₹1,27,700 उरायला हवेत. तफावत ₹16,920, म्हणजे बरोबर दोन साड्यांची किंमत. याचा अर्थ त्या रात्री दोन्ही व्यवहार होल्डच होते, अगदी खरा व्यवहारसुद्धा. पहिल्या दिवशी कोणीही, अगदी बँकेचा माणूसही, यातला कोणता टिकेल हे ठामपणे सांगू शकत नाही. म्हणून त्या रात्री फोन करून काही हाती लागत नाही.

मंगळवारी थकबाकी ₹30,760 झाली, शिल्लक लिमिट मात्र ₹1,10,780 वरच. आता दीड लाखातून 30,760 वजा केले तर ₹1,19,240. तफावत उरली ₹8,460. एक व्यवहार पक्का झाला, एक अजून लटकलेला. इथे निम्मा जीव भांड्यात पडायला हरकत नाही, कारण दुकानाची शनिवारची बॅच आलेली आहे आणि दुसरी रक्कम तिच्यात नव्हती.

पुढच्या रविवारी शिल्लक लिमिट ₹1,19,240 झालं. थकबाकी होती तिथेच. तफावत शून्य, विषय संपला. गंमत म्हणजे ती त्या दिवशी मला म्हणाली, "दादा, रिफंड आलाच नाही अजून, कुठेच क्रेडिट दिसत नाही." येणारच नव्हता. होल्ड सुटतो तेव्हा जमेची ओळ दिसत नाही; जे पोस्टच झालं नाही ते परत कशाचं करणार? पेंडिंगची ओळ निघून जाते आणि लिमिट मोकळं होतं, एवढंच. ही ओळ शोधत लोक महिनोन्‌महिने बँकेशी भांडतात.

हीच गोष्ट वाईट दिशेला गेली असती तर मंगळवारी थकबाकी ₹39,220 झाली असती आणि तफावत शून्य. दोन्ही पक्के, म्हणजे खरा दुहेरी चार्ज.

या हिशोबाला एक अट आहे. तुम्ही एखादी वस्तू ईएमआयवर घेतली असेल तर न आलेल्या हप्त्यांची मुद्दलसुद्धा लिमिट अडवून बसते, आणि काही ॲप ती थकबाकीत धरत नाहीत. तेव्हा आधी ती रक्कम बाजूला काढा, मगच तफावत मोजा.

एकच मेसेज, पण नोंदी दोन

आता उलटी बाजू, जिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. दोन मेसेज आले की आपण घाबरतो. पण नेटवर्क तुटल्यामुळे आलेल्या दोन मेसेजांचा शेवट बहुधा एकाच पक्क्या नोंदीत होतो. खरा दुहेरी चार्ज पुष्कळदा एकाच मेसेजच्या मागून येतो. दुकानाची बॅच चुकून दोनदा गेली, किंवा दुकानदाराच्या बँकेच्या यंत्रणेनं तीच मागणी पुन्हा पाठवली, तर तुमच्या बँकेकडून मंजुरी एकदाच घेतलेली असते, म्हणून मेसेजही एकच. नोंदी मात्र दोन. मेसेज मोजून खर्चाचा हिशोब ठेवणाऱ्याला हे कधीच कळत नाही. स्टेटमेंट ओळ-ओळ वाचणाऱ्यालाच सापडतं.

तिसरा प्रकारही आहे: दोन्ही टॅप यशस्वी झाले आणि दोन्ही बॅचमध्ये गेले. गर्दीत पहिली स्लिप उशिरा निघाली आणि कोणी पाहिली नाही, की असं होतं. इथे मेसेजही दोन, नोंदीही दोन.

हे प्रकार वेगळे ओळखायला दोन क्रमांक पुरतात. स्लिपवर 'APPR CODE' किंवा 'AUTH CODE' म्हणून सहा अक्षरी मंजुरी क्रमांक असतो. दुसरा क्रमांक बँकेकडून मागायचा: एआरएन, म्हणजे तेवीस आकडी संदर्भ क्रमांक. दुकानदाराच्या बँकेकडून मागणी येते तेव्हाच हा तयार होतो, त्यामुळे नुसत्या होल्डला एआरएन नसतो. कस्टमर केअरला "माझे पैसे दोनदा गेले का?" असं विचारू नका, त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं. "या दोन्ही व्यवहारांचे एआरएन आणि मंजुरी क्रमांक द्या" असं सांगा. एकाचाच एआरएन मिळाला तर दुसरा होल्ड. दोघांचे एआरएन मिळाले आणि मंजुरी क्रमांक सारखाच असेल तर एकाच मंजुरीवर दोनदा मागणी झाली. दोन्ही क्रमांक वेगवेगळे असतील तर मंजुऱ्याच दोन होत्या, आणि मग ती खरोखर दोन खरेद्यांची रक्कम नाही ना, हे आधी स्वतःला विचारा. कॅन्टीनमध्ये सकाळी आणि संध्याकाळी तेवढ्याच रकमेचं कार्ड आपणच लावलेलं असतं.

स्टेटमेंटवरच्या नावानंही घोळ होतो. फर्ग्युसन रोडवरच्या हॉटेलची पाटी एक आणि बिलावर छापलेलं कंपनीचं नाव भलतंच, असं सर्रास असतं. अनोळखी नाव म्हणजे दुसरा चार्ज असं लगेच धरू नका.

हॉटेलचा मुक्काम

गावाकडून आई-बाबा येतात, खोली लहान म्हणून त्यांच्यासाठी दोन रात्री हॉटेल घेता. चेक-इनला काउंटरवर कार्ड मागतात आणि ₹10,000 चं प्री-ऑथ घेतात. हा मुद्दाम घेतलेला होल्ड आहे. निघताना बिल होतं ₹7,350. आता हॉटेलनं त्याच प्री-ऑथवर ₹7,350 ची पूर्तता करायला हवी, म्हणजे तेवढेच पोस्ट होतात आणि बाकीचं सुटतं. काउंटरवरची नवी मुलं मात्र बरेचदा वेगळी विक्री म्हणून कार्ड नव्यानं लावतात. मग ₹7,350 वेगळे लागतात आणि ₹10,000 तसेच अडकून राहतात. हॉटेलांच्या प्री-ऑथची मुदत महिन्याभरापर्यंतही असू शकते.

यावर उपाय चेक-आउटलाच आहे. चेक-इनची स्लिप दाखवून म्हणा, "याच प्री-ऑथवर बिल क्लोज करा, वेगळं स्वाइप करणार असाल तर हे आधी कॅन्सल करून त्याची स्लिप द्या." निघून आल्यावर लक्षात आलं तर हॉटेलकडून मंजुरी क्रमांक आणि रक्कम लिहिलेलं "आम्ही ही रक्कम घेणार नाही" असं मेल घ्या आणि ते आपल्या बँकेला पाठवा. त्यावर बँक मुदतीआधी होल्ड सोडू शकते. तोंडी विनंतीवर सहसा सोडत नाही, आणि का सोडावा? हॉटेलनं उद्या मागणी केली तर भुर्दंड बँकेला.

खरंच दोनदा लागलं असेल तर

आधी दुकानात जा, फोन नको. शक्य असेल तर दुपारी जा, कारण संध्याकाळी लक्ष्मी रोडवर तुमच्याशी बोलायला कोणाला वेळ नसतो. स्लिप दाखवा आणि त्या दिवसाच्या बॅचचा डिटेल रिपोर्ट काढायला सांगा. मशीनमधून लांबलचक कागद निघतो आणि त्यात प्रत्येक व्यवहाराची रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे, मंजुरी क्रमांक असं सगळं असतं. तुमचे शेवटचे चार आकडे दोनदा दिसले तर दुकानदारालाही वाद घालायला जागा उरत नाही. बॅच अजून गेलेली नसेल तर तो मशीनवरच 'Void' करू शकतो. बॅच गेली असेल तर 'Refund' करावा लागतो, आणि तो मात्र तुमच्या स्टेटमेंटवर जमेची ओळ म्हणून येतो. रोख परत घेऊ नका; पुढे कार्डावरही जमा झाले तर हिशोब फिसकटतो आणि बँकेपुढे पुरावा राहत नाही.

दुकानाच्या रिपोर्टमध्ये एकच नोंद असेल आणि तुमच्याकडे दोन पोस्ट झालेल्या असतील, तर घोळ वरच्या बँकांमध्ये आहे. दुकानदाराशी वाद नको. त्या कागदाचा फोटो काढा आणि आपल्या बँकेकडे डिस्प्यूट टाका. फॉर्मवर कारण निवडताना सांभाळा. 'Duplicate' किंवा त्या अर्थाचा पर्याय निवडा. रागाच्या भरात 'Fraud' किंवा "मी हा व्यवहार केलाच नाही" निवडलंत तर बँक कार्ड बंद करते, नवं कार्ड येईपर्यंत वीज-मोबाइलची आपोआप जाणारी बिलं अडतात, आणि तपासणीत खरेदी तुम्हीच केली हे दिसलं की तक्रारच फेटाळली जाते. सोबत स्लिप, दोन्ही एआरएन आणि स्टेटमेंटचं ते पान जोडा. होल्डवर डिस्प्यूट टाकू नका. पोस्टच न झालेल्या रकमेवर बँकेला काही करता येत नाही, ती तक्रार बंद करते.

दरम्यान बिल भरायची तारीख आली तर काय? वादातली रक्कम बाजूला ठेवल्याचं बँकेनं लेखी कळवलं असेल तरच ती वगळून भरा. तसं लेखी नसेल तर पूर्ण बिल भरून टाका, पैसे नंतर जमा होतील. ₹8,460 साठी बिल अर्धवट ठेवलंत तर व्याज सुरू होतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार बिलावर हरकत घेतल्यापासून जास्तीत जास्त 30 दिवसांत बँकेनं स्पष्टीकरण आणि गरज असेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो. तक्रार क्रमांक जपून ठेवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटण्यासारखं नसेल तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे तक्रार करता येते. तिथे फी नाही. मात्र बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल ती घेत नाही.

डेबिट कार्ड असेल तर

इथे वरची वजाबाकी चालत नाही, कारण बऱ्याच बँका मंजुरी देतानाच खात्यातून रक्कम वजा करतात. पासबुकात नावे पडलेली ओळ दिसते, मग तो होल्ड कसला असं वाटतं. काही बँका रक्कम खात्यातच ठेवून 'Hold' किंवा 'Lien' म्हणून दाखवतात. दोन्हीत फसलेला व्यवहार उलटला की जमेची ओळ किंवा मोकळी शिल्लक दिसायला हवी.

त्यासाठी मुदत ठरलेली आहे. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, दुकानातल्या मशीनवर पैसे कापले गेले पण दुकानाला पुष्टी मिळाली नाही, म्हणजे स्लिप निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. दिवस कॅलेंडरचे मोजायचे, सुट्ट्या धरून. 3 तारखेचा व्यवहार असेल तर 8 तारखेपर्यंत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला ₹100 भरपाई, आणि तीही तुम्ही न मागता खात्यात जमा व्हायला हवी. ऑनलाइन खरेदीलाही हाच नियम आहे. प्रत्यक्षात भरपाई आपोआप आली नाही तर परिपत्रकाची तारीख लिहून मागा. तारीख वाचली की समोरचा माणूस जरा सरसावून बसतो.

हा नियम फक्त फसलेल्या व्यवहारांचा आहे. दोन्ही स्लिपा निघालेल्या असतील, किंवा हॉटेलनं प्री-ऑथ घेतलं असेल, तर पाच दिवसांचं गणित लागू नाही. तिथे वर सांगितलेला रस्ता, म्हणजे आधी दुकान आणि मग डिस्प्यूट. आणि जिथे डिपॉझिटसाठी रक्कम राखली जाणार आहे अशा हॉटेलात किंवा भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर डेबिट कार्ड काढूच नका. क्रेडिट कार्डावर अडकतं ते लिमिट, डेबिट कार्डावर अडकतो तो पगार, आणि 5 तारखेला घरमालकाला भाडं द्यायचं असतं.